पुडा उलटा करून वाचा

डायजेस्टिव्ह बिस्किटांचा एक पुडा नमुन्यादाखल घेऊ. दर्शनी बाजूला गव्हाच्या लोंब्या आणि ठसठशीत अक्षरांत 'होल व्हीट'. आता पुडा उलटा करा आणि बारीक अक्षरांतली घटकांची यादी शोधा. बिस्किटं करताना जो पदार्थ वजनाने सर्वात जास्त पडला, तो यादीत पहिला, असा नियम आहे. इथे पहिला नंबर मैद्याचा. मग पाम तेल, मग गव्हाचं पीठ (17 टक्के), मग साखर, आणि बरंच खाली इन्व्हर्ट सिरप आणि लिक्विड ग्लुकोज. पिठाचा टक्का कंपनीने हौसेने छापलेला नाही. ज्या घटकाचा पुड्यावर डांगोरा पिटायचा, त्याचं प्रमाण सांगावंच लागतं.

साखर चौथी म्हणून हायसं वाटेल, पण ती तीन नावांनी बसली आहे. सिरप आणि ग्लुकोज हीही साखरच, फक्त वेगळी मोजल्यामुळे खाली गेलेली. यात बेकायदा काही नाही, चलाखी मात्र आहे. तिची बेरीज पोषणाच्या तक्त्यात सापडते. तिथे 'टोटल शुगर' आणि तिच्याखाली 'ॲडेड शुगर' असते. एकूण साखरेत दुधातली, फळातली मूळची साखरही धरतात. वरून घातलेली कळते ती दुसऱ्या ओळीत. आपल्या पुड्यावर ती 100 ग्रॅममागे 22 ग्रॅम आहे, म्हणजे बिस्किटाचा पाचवा हिस्सा तरी साखरच. माल्टोडेक्स्ट्रिन दिसलं तर मधुमेह्यांनी विशेष जपावं. ते साखरेच्या ओळीत मोजलं जात नाही, पण रक्तातली साखर झपाट्याने चढवतं.

शेजारी 'पर सर्व्ह'चा टक्का असतो: 9 टक्के. वाचायला किती सोज्वळ! पण इथे एक सर्व्हिंग म्हणजे 20 ग्रॅम, दोन बिस्किटं. त्यांत 4.4 ग्रॅम साखर, आणि टक्का काढलाय दिवसाच्या 50 ग्रॅमवर. चहाबरोबर दोनच बिस्किटं खाऊन उठणारा माणूस विरळाच. सहा खाल्ली की 13 ग्रॅम, तीन चमच्यांच्या आसपास. दिवसाच्या मापातला चौथा हिस्सा संपला, आणि चहातली साखर अजून धरलेलीच नाही. शिवाय हे 50 ग्रॅमचं माप 2000 कॅलरी खाणाऱ्या प्रौढाचं आहे, आणि तीही वरची मर्यादा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते निम्म्यावर थांबलं तर अधिक बरं. पहिलीतल्या मुलाच्या डब्याला तो 9 टक्क्यांचा आकडा लावता येत नाही.

दोन पुड्यांची तुलना करताना सर्व्हिंगचा रकाना सोडूनच द्या. एकाची सर्व्हिंग 20 ग्रॅमची, दुसऱ्याची 30 ग्रॅमची असू शकते. 100 ग्रॅमचा रकाना दोन्हीकडे सारखाच असतो.