नऊ की दहा?

लोणावळा लोकलने घोरावाडीला उतरलो, तेव्हा पिशवीत माझ्याच लेखाचं प्रूफ होतं. दिवाळी अंकासाठी भाऊसाहेब निंबाळकरांवर लिहिलेला लेख. त्यातल्या एका वाक्याच्या समासात पेन्सिलीने दोनच शब्द लिहून आले होते : 'नऊ की दहा?' ते लिहिणाऱ्या काकूंना भेटायचंच, असं मी ठरवलं. आयुष्यभर मुद्रितशोधन केलेल्या या काकू निवृत्तीनंतर घरी बसून क्रीडाविषयक मजकूर तपासतात.

त्यांनी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. झाकण उघडताच डांबराच्या गोळ्यांचा वास खोलीभर झाला. आत कात्रणं, धावफलक आणि जुने क्रीडा अंक होते.

"आधी तुझं वाक्य मोठ्याने वाच," त्या म्हणाल्या. मी वाचलं, "ब्रॅडमन यांचा विश्वविक्रम मोडायला निंबाळकरांना फक्त 9 धावा हव्या होत्या."

"आता बेरीज कर."

सामना डिसेंबर 1948 मधला, रणजी करंडकाचा. महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. निंबाळकर नाबाद 443 आणि महाराष्ट्र 4 बाद 826 असताना काठियावाडच्या कर्णधाराने सामना सोडून दिला. तेव्हाचा विक्रम होता ब्रॅडमन यांच्या नाबाद 452 धावांचा, 1930 साली सिडनीत क्वीन्सलंडविरुद्ध केलेल्या. 443 मध्ये 9 मिळवले की 452 होतात, म्हणजे फक्त बरोबरी. मोडायला दहावी धाव लागते.

"विक्रम 9 धावांनी दूर होता, हे बरोबर. मोडायला 9 हव्या होत्या, हे चूक. आकडा तोच असतो रे, क्रियापद बदललं की खोटा पडतो."

मजकुरातला प्रत्येक आकडा, नाव, तारीख आणि 'पहिला', 'एकमेव', 'सर्वाधिक' असे शब्द त्या आधी अधोरेखित करतात. दोन वेगळ्या जागी पुरावा मिळाला तरच त्या खूण करतात. या 'वेगळ्या'वर त्यांचा फार कटाक्ष. दुसऱ्याने पहिल्यावरून उतरवून घेतलं असेल, तर तो पुरावा एकच. चूकही तशीच उतरते, म्हणून दोन ठिकाणी सारखीच चूक दिसली, तर एकाने दुसऱ्यावरून घेतलं हे कळतं.

माझी दुसरी चूक जास्त लागली. 'प्रथम श्रेणी क्रिकेटमधली जगातली दुसऱ्या क्रमांकाची खेळी' असं मी लिहिलं होतं, आणि ते एका जुन्या कात्रणातून घेतलं होतं. काकूंनी कात्रण हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. तारीख कुठेच नव्हती. "हे जानेवारी 1959 च्या आधीचं आहे," त्या म्हणाल्या. कशावरून? त्या महिन्यात हनीफ मोहम्मदने 499 केल्या आणि निंबाळकर तिसरे झाले. 1994 मध्ये ब्रायन लाराच्या नाबाद 501 नंतर ते चौथे. छापलं गेलं तेव्हा कात्रण खरं होतं, मी उचललं तेव्हा खोटं. भारतीय फलंदाजाची सर्वाधिक धावसंख्या मात्र अजून तीच. 2023 मध्ये पृथ्वी शॉ 379 वर बाद झाला, तेव्हा काकूंनी हे वाक्य पुन्हा तपासून ठेवलं होतं.

अशा चुका आळसातून होतात असं मला वाटायचं. तिथे बसल्यावर तसं वाटेना. मी मेहनतीनेच चुकलो होतो, जुना कागद शोधून.

नावांचं काम त्या सर्वांत शेवटी आणि हळू करतात. इंग्रजीतून आलेला 'निंबालकर' त्या 'निंबाळकर' करतात, 'कठियावार'चं 'काठियावाड'. पण मी 'पुणे क्लब' लिहिलं होतं, तिथे त्यांनी 'पूना क्लब' केलं. शहराचं नाव बदललं तरी संस्थेने स्वतःचं जे नाव ठेवलं आहे, तेच छापायचं. सुधारणेच्या उत्साहात बरोबर शब्द बिघडवणारे हात त्यांनी फार पाहिले आहेत.

एका ठिकाणी मात्र पेन्सिल थांबली. खेळ कुठल्या सुट्टीत थांबला? माझ्या लेखात जेवणाची, त्यांच्या कात्रणात चहाची. काकूंनी दोन्ही शब्द खोडून 'मधल्या विश्रांतीच्या वेळी' असं लिहिलं. वाक्य थोडं फिकं झालं, पण मला ते पटलं. न जुळणाऱ्या दोन दाखल्यांतला रंगतदार निवडणं ही माझी सवय होती.

निघताना त्यांनी ते बिनतारखेचं कात्रण माझ्या हातात दिलं आणि मागे पेन्सिलीने लिहायला लावलं : '1959 पूर्वीचं'. पेटी बंद झाली, तरी तो वास स्टेशनपर्यंत बोटांना होता.

तुमच्याही घरी खेळाची जुनी कात्रणं असतील. नवं कापाल तेव्हा कात्री थोडी वर न्या. वर्तमानपत्राचं नाव आणि तारीखही कापून ठेवा.