ड्रॉवर उघडला की लिंक जाते

"लिंक गेलीय, जरा थांबा." तालुक्याच्या गावातल्या एका बँकेत हे वाक्य मी त्या सकाळी तिसऱ्यांदा ऐकलं. लिंक दोन मिनिटांत यायची, एखाद्याचं काम व्हायचं, की पुन्हा जायची. रांगेतल्या लोकांनी रस्त्याच्या खोदकामाला दोषी ठरवून टाकलं होतं.

नेटवर्कवाला आला. बॅग उघडण्याआधी त्यानं विचारलं, "मॅडम, सगळ्यांची जाते की तुमचीच?" शेजारच्या काउंटरवर पासबुकं निवांत छापली जात होती. बाहेरची लाइन तुटली असती, तर अख्खी शाखाच बसली असती. खोदकाम तिथेच निर्दोष सुटलं.

त्यानं कॅशियरबाईंच्या संगणकावर शाखेच्या राउटरचा पत्ता घालून एक आज्ञा दिली:

```
ping -t 192.168.1.1
```

ही आज्ञा राउटरला साधारण सेकंदासेकंदाला "आहेस का?" असं विचारत राहते. शेजारच्या संगणकावर उत्तरं सलग येत होती. इथे मधूनच `Request timed out.` उमटायचं. स्विचवरचं पोर्ट बदललं, तरी तेच. मग केबल काढून टेस्टरला लावली, तर आठही दिवे ओळीनं लागले. घाईतला माणूस इथेच फसतो आणि संगणक बदलायला निघतो. साधा टेस्टर एवढंच सांगतो, की या क्षणी तारा जोडलेल्या आहेत.

त्यानं केबल परत लावली. "तुम्ही नेहमीसारखं काम करा," म्हणाला आणि नुसता स्क्रीनकडे बघत उभा राहिला. गिऱ्हाईक आलं. बाईंनी रोकड काढायला ड्रॉवर ओढला, आणि `Request timed out.`

टॉर्च घेऊन तो काउंटरमागे वाकला. ड्रॉवरची मागची कड आणि भिंत यांच्यात केबल चेपली होती. घडी पडून तिथलं आवरण पांढुरकं झालं होतं.

या केबलीत तांब्याच्या आठ बारीक तारा असतात. त्यांच्या चार जोड्या पिळलेल्या असतात आणि बाहेरचा विद्युत गोंधळ या पिळामुळेच आत शिरत नाही. केबल वळवायची तर गोलाई ठेवून. वळणाची त्रिज्या निदान केबलच्या जाडीच्या चौपट, म्हणजे ढोबळमानानं एक इंच हवी. घडी पडली की पीळ विस्कटतो, कधी आतली तार तडकते. तडकलेली टोकं एरवी टेकून असतात. धक्का बसला की क्षणभर सुटतात. क्षणच, पण तेवढ्यात जोडणी तुटली तर संगणक आणि स्विच यांना ती नव्यानं जुळवावी लागते आणि बँकेच्या प्रणालीत पुन्हा लॉगिन करावं लागतं. ड्रॉवरच्या एका धक्क्याची दोन मिनिटं अशी होत होती.

"सरळ करून चिकटपट्टी लावली तर?" मॅनेजरसाहेबांनी विचारलं. तो नाही म्हणाला. तडकलेली तार सरळ केल्यानं सांधत नाही. त्यानं तीन मीटरची नवी केबल ड्रॉवरपासून लांब, टेबलाच्या पायाला धरून नेली. जुनी मात्र मधोमध कापून टाकली, नाहीतर कुणीतरी ती कपाटात जपून ठेवलीच असती.