प्रवाहवलयाचे दूरक्षेत्र आणि विद्युत द्विध्रुव

प्रवाहवलयाचे दूरक्षेत्र म्हणजे विद्युतप्रवाह वाहणाऱ्या लहान तारवलयाने स्वतःच्या आकारमानाच्या तुलनेत पुष्कळ दूर निर्माण केलेले चुंबकीय क्षेत्र. या क्षेत्राचे रूप विद्युत द्विध्रुवाच्या, म्हणजे थोड्या अंतरावर ठेवलेल्या समान व विरुद्ध प्रभारांच्या जोडीच्या, विद्युत क्षेत्रासारखेच असते. उगमाजवळ मात्र ही दोन क्षेत्रे एकमेकांपासून अगदी भिन्न होतात.

## साम्य

वलयातील प्रवाह I आणि क्षेत्रफळ A यांच्या गुणाकारास चुंबकीय आघूर्ण m म्हणतात. त्याची दिशा वलयाच्या प्रतलाला लंब असते. प्रभार q आणि त्यांमधील अंतर d यांचा गुणाकार म्हणजे विद्युत आघूर्ण p. त्याची दिशा ऋण प्रभाराकडून धन प्रभाराकडे असते. आघूर्णाच्या अक्षाशी θ कोन करणाऱ्या दिशेने r अंतरावर वलयाच्या क्षेत्राचे दोन घटक असे येतात:

```
B_r = (μ0/4π) · 2m cosθ / r³
B_θ = (μ0/4π) · m sinθ / r³
```

येथे m ऐवजी p आणि μ0 ऐवजी 1/ε0 लिहिले की विद्युत द्विध्रुवाचे क्षेत्र मिळते. अंतर दुप्पट केल्यास दोन्ही क्षेत्रे एक-अष्टमांश होतात. समान अंतरावर अक्षावरील क्षेत्र विषुवप्रतलातील क्षेत्राच्या दुप्पट असते.

## भेद

समजा, ५ सेंटिमीटर त्रिज्येच्या वेटोळ्याला १०० वेढे असून त्यातून १ अँपिअर प्रवाह वाहतो. वेढ्यांची संख्या धरून m सुमारे ०.७८५ अँपिअर-वर्गमीटर येते. अक्षावर १ मीटर अंतरावर वरील सूत्राने क्षेत्र सुमारे १५७ नॅनोटेस्ला मिळते. प्रत्यक्ष क्षेत्र याहून केवळ ०.४ टक्क्याने कमी असते. १० सेंटिमीटर अंतरावर मात्र ते सूत्राच्या सुमारे ७२ टक्केच भरते. उलट, अक्षावर मध्यापासून ५-५ सेंटिमीटर अंतरावर प्रभार ठेवलेल्या द्विध्रुवाचे क्षेत्र त्याच १० सेंटिमीटर अंतरावर सूत्राच्या सुमारे १७८ टक्के असते. जवळ जाताना एक सूत्राच्या खाली राहते, तर दुसरे वर जाते.

याचे कारण उगमाच्या रचनेत आहे. विद्युत बलरेषा धन प्रभारापासून निघून ऋण प्रभारावर संपतात. त्यामुळे दोन प्रभारांच्या मध्ये क्षेत्राची दिशा p च्या विरुद्ध असते. चुंबकीय बलरेषांना आरंभ नाही आणि शेवटही नाही. त्या वलयातून आरपार जातात, म्हणून मध्यभागी क्षेत्राची दिशा m चीच असते. प्रभारांची बेरीज शून्य नसेल, तर विद्युत क्षेत्रात अंतराच्या वर्गाने घटणारा भाग शिल्लक राहतो. स्वतंत्र चुंबकीय प्रभार आढळलेला नसल्याने वलयाच्या बाबतीत असा भाग कधीच उद्भवत नाही.

## उदाहरण: लोणारचा काळा पाषाण

पृथ्वीच्या बाह्य गाभ्यातील प्रवाहांचे भूपृष्ठावरील क्षेत्र स्थूलमानाने द्विध्रुवाचे असते. क्षितिजाशी त्याने केलेल्या कोनास नतिकोन म्हणतात. λ अक्षांशावर θ = 90° − λ असतो. म्हणून वरील दोन घटकांच्या भागाकारावरून, I हा येथे नतिकोन मानल्यास, पुढील संबंध मिळतो:

```
tan I = 2 tan λ
```

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर ज्या बेसाल्टमध्ये आहे, तो दख्खनच्या पठाराचा भाग असून सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनला. थिजताना त्यातील लोहखनिजांनी तत्कालीन क्षेत्राची दिशा धारण केली. दख्खनच्या लाव्हाथरांत सर्वसाधारणपणे दक्षिण-आग्नेयेकडे व सुमारे ४७° खाली झुकलेली दिशा आढळते. tan 47° हे सुमारे १.०७, त्याचे निम्मे ०.५४. यावरून अक्षांश सुमारे २८° येतो. दिशा दक्षिणेकडे असल्याने त्या वेळी पृथ्वीचे क्षेत्र आजच्या उलट होते. उलट क्षेत्र खाली झुकलेले असणे म्हणजे स्थान दक्षिण गोलार्धात असणे. आज लोणार सुमारे २०° उत्तर अक्षांशावर आहे. म्हणजे अक्षांशात ४८°, अर्थात पाच हजार किलोमीटरांहून अधिक, सरक झाली.

## मर्यादा

बाह्य गाभ्याची त्रिज्या सुमारे ३,४८० किलोमीटर आणि पृथ्वीची ६,३७१ किलोमीटर आहे. भूपृष्ठ उगमापासून फार दूर नाही, त्यामुळे कोणत्याही एका क्षणी क्षेत्र शुद्ध द्विध्रुवाचे नसते. म्हणून अनेक थरांतील दिशांची सरासरी घेतात. हजारो वर्षांच्या सरासरीत द्विध्रुवेतर भाग बहुतांशी नाहीसा होतो. खडकावर नंतर चढलेले चुंबकत्व नमुना टप्प्याटप्प्याने तापवून काढतात. तरीही दिशा स्थिर होत नसेल, तर तो नमुना विश्वासार्ह मानत नाहीत. लोणारला आणखी एक अडचण आहे. आघाताने विवराच्या कडेचे थर उचलले गेले व उलथले, त्यामुळे तेथील दिशा अक्षांशासाठी थेट वापरता येत नाही. त्यासाठी विवराबाहेरचे आडवे, अभंग थर निवडावे लागतात.