ओळखीची खूण बदलू लागली तर?

पुष्कळशा अर्जांत 'शरीरावरील ओळखीची खूण' असा एक रकाना असतो आणि तेथे आपण 'उजव्या गालावर तीळ' असे लिहून मोकळे होतो. या रकान्यामागे एक गोष्ट गृहीत धरलेली असते : तीळ आज आहे तसाच पुढेही राहणार. बहुतेक तिळांच्या बाबतीत हे खरेच असते. क्वचित एखादा तीळ मात्र काही महिन्यांत आपले रूप पालटतो. असा तीळ वेळीच ओळखणे फार अगत्याचे असते. तो कसा ओळखावा, ते पाहू या.

आपल्या त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी रंगपेशी विखुरलेल्या असतात. त्या मेलॅनिन हे काळसर रंगद्रव्य तयार करतात. कधी कधी यांपैकी एखादी पेशी विभागू लागते. एकीच्या दोन, दोनाच्या चार अशा पेशी वाढत जातात आणि काही काळाने ही वाढ आपोआप थांबते. एका ठिकाणी जमलेला असा रंगपेशींचा पुंजका म्हणजे तीळ. वाढ सर्व बाजूंनी सारखी होऊन थांबल्यामुळे साधा तीळ लहान, गोलसर, एकाच रंगाचा आणि रेखीव कडेचा दिसतो.

मेलॅनोमा नावाच्या कर्करोगात रंगपेशींची वाढ थांबतच नाही. शिवाय ती सगळीकडे सारख्या वेगाने होत नाही. एका बाजूच्या पेशी भराभर पसरतात, दुसरीकडच्या मागे राहतात. म्हणून डाग वेडावाकडा होतो आणि त्याच्या मधोमध रेघ कल्पिली तर दोन्ही भाग जुळत नाहीत. कडेच्या पेशी भोवतालच्या त्वचेत घुसत असल्याने कड दातेरी किंवा पुसट होते. रंगही एक राहत नाही. रंगद्रव्य वरच्या थरात असेल तर डाग तपकिरी किंवा काळा दिसतो, खोल गेले असेल तर निळसर दिसतो, आणि शरीराच्या संरक्षक पेशींनी एखादा भाग नष्ट केला असेल तर तेथे पांढुरका ठिपका पडतो. आकार, कड आणि रंग ही तीन लक्षणे अशा रीतीने एकाच कारणातून येतात.

तरीही केवळ एकदा पाहून निर्णय करणे कठीण असते, कारण काही निरुपद्रवी तीळही थोडे वाकडेतिकडे असतात. येथे कालमापन उपयोगी पडते. दोन-चार दिवसांत उगवून दोन-तीन आठवड्यांत ओसरणारा बदल बहुधा पुटकुळीचा, खरचटण्याचा किंवा मुक्या माराचा असतो. कित्येक वर्षांत हळूहळू होणारा बदल, उदाहरणार्थ मोठ्या माणसांचा तीळ उंच होऊन फिका पडणे, हा साध्या तिळाचा स्वभावच आहे. तुमच्या वयात अंगाबरोबर तीळही थोडे वाढतात आणि नवे तीळही येतात; त्यात भिण्यासारखे काही नाही. संशय घ्यायचा तो या दोहोंमधल्या बदलाचा. जो काही महिने एकाच दिशेने चालू राहतो आणि ओसरत नाही, तो संशयास्पद.

एक उदाहरण घेऊ. समजा, आजोबांच्या तळपायावर एक डाग दिसला. १ जानेवारीला पारदर्शक मोजपट्टी शेजारी ठेवून तो मोजला : लांबी ४ मिलिमीटर, रुंदी ४ मिलिमीटर, रंग तपकिरी. त्याच उजेडात आणि तेवढ्याच अंतरावरून मोजपट्टीसह छायाचित्रही काढून ठेवले. १ फेब्रुवारीला तेच माप आले. १ मार्चला ५ व ४ मिलिमीटर. येथे घाई करू नये, कारण पुसट कडेचा डाग मोजताना अर्धा-एक मिलिमीटर इकडेतिकडे सहज होतो. पण १ एप्रिलला माप ६ व ५ मिलिमीटर आले. शिवाय टाचेकडची कड पुसट झाली आणि तेथे एक गडद काळा ठिपका दिसू लागला. आता गुणाकार करून पाहा. ४ गुणिले ४ म्हणजे १६ आणि ६ गुणिले ५ म्हणजे ३०. तीन महिन्यांत डागाचे क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट झाले! ही मोजण्यातील चूक नव्हे. मे महिन्याच्या मापाची वाट न पाहता आजोबांना त्वचारोगतज्ज्ञांकडे नेले पाहिजे. मोठ्या माणसाच्या तळपायावर नव्याने आलेला डाग पहिल्यांदा दिसला तेव्हाच शिसपेन्सिलीच्या जाडीहून मोठा असेल, किंवा एखाद्या तिळातून वारंवार रक्त येत असेल, तर मोजत बसूच नये.

उदाहरणासाठी तळपाय मुद्दाम घेतला आहे. गोऱ्या लोकांत मेलॅनोमा बराच आढळतो आणि त्याचा संबंध बहुतांशी उन्हाशी असतो. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेच्या लोकांत तो विरळा आहे. पण जेव्हा होतो तेव्हा पुष्कळदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली, म्हणजे ऊन फारसे न लागणाऱ्या आणि आपण सहसा न पाहणाऱ्या जागी होतो. जमैकाचा प्रसिद्ध गायक बॉब मार्ले याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली असाच डाग होता. तो फुटबॉल खेळताना झालेल्या दुखापतीचा वाटला. १९७७ साली तो मेलॅनोमा असल्याचे निष्पन्न झाले. १९८१ साली, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी, त्याचा मृत्यू झाला.

नखाखालचे साकळलेले रक्त आणि असा डाग यांतील फरक कळायला नखच मदत करते. पायाच्या अंगठ्याचे नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढते. माराचे रक्त नखाबरोबर पुढे सरकते. तीन महिन्यांत ते चार-साडेचार मिलिमीटर पुढे जाते आणि त्याच्या मागे नवे स्वच्छ नख दिसते. रंगपेशींचा पट्टा मात्र नखाच्या मुळाशी असलेल्या पेशींतून येत असल्याने मुळापासून सुटत नाही. सावळ्या लोकांच्या अनेक नखांवर बारीक तपकिरी रेघा असतात व त्या निरुपद्रवी असतात. एकाच नखावरचा पट्टा रुंदावत असेल, किंवा त्याचा रंग भोवतालच्या कातडीवर उतरला असेल, तर लगेच तपासून घ्यावे.

या खुणांनाही मर्यादा आहेत. काही मेलॅनोमांत रंगद्रव्य नसतेच. ते गुलाबी, टणक गाठीसारखे दिसतात. म्हणून महिनाभर सतत वाढणारी गाठ कोणत्याही रंगाची असली तरी दाखवावी. खरा निर्णय सूक्ष्मदर्शकाखाली होतो. त्यासाठी डॉक्टर डाग शक्यतो पूर्णपणे काढून तपासायला पाठवतात आणि त्याची खोली मोजतात. १९७० साली अलेक्झांडर ब्रेस्लो या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की रोग्याचे भवितव्य या खोलीवर फार अवलंबून असते. खोली एक मिलिमीटरहून कमी असताना डाग काढला, तर बहुतेक रोगी पूर्ण बरे होतात.

तिळावर चुना लावणे, त्याला केस बांधणे किंवा तो पात्याने खरवडणे हे उपाय का घातक आहेत, ते यावरून ध्यानात येईल. वरचा भाग जळून जातो, खालच्या पेशी तशाच राहतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी जे हवे होते तेच नाहीसे होते.