सभेआधी लिहायचं इतिवृत्त

महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांना आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. त्यामुळे सप्टेंबरच्या रविवारी सकाळी इमारतीखालच्या पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या दिसतात. सभा दोन-अडीच तासांत उरकते. तिचं इतिवृत्त मात्र दिवाळीचा फराळ संपला तरी सचिवांच्या वहीतच असतं. तोवर गच्चीच्या कामाला किती रुपये मंजूर झाले यावर दोन मजल्यांवर दोन मतं झालेली असतात.

हा उशीर होतो कारण बहुतेक सचिव सभा संपल्यावर कोऱ्या कागदावर सुरुवात करतात. खरं तर इतिवृत्ताचा मोठा भाग सभेआधीच ठरलेला असतो. संस्थेचं नाव, नोंदणी क्रमांक, सभेची तारीख, वेळ, ठिकाण, विषयांची शीर्षकं, सभेपुढे ठेवायची कागदपत्रं, त्यांतले आकडे हे सगळं विषयपत्रिकेत आणि फायलीत असतं. सभेत नव्यानं कळतं ते थोडंच: किती जण आले, काय ठरलं, सूचक आणि अनुमोदक कोण, मतं कशी पडली, कुणी विरोध नोंदवला. पहिला भाग आधी लिहून ठेवायचा आणि दुसऱ्यासाठी रिकाम्या जागा सोडायच्या. झाला सांगाडा तयार.

सांगाडा करायला विषयपत्रिका जशीच्या तशी घ्यायची. क्रम बदलायचा नाही, शब्दही बदलायचे नाहीत. प्रत्येक विषयाखाली तीन भाग करायचे. सभेपुढे काय ठेवलं ते पहिल्या भागात, ते आधीच पूर्ण लिहिता येतं. दुसऱ्या भागात चर्चेच्या दोन-तीन ओळींपुरती जागा. तिसऱ्या भागात ठराव आणि त्याखाली सूचक, अनुमोदक, मतांची नोंद.

सुरुवातीलाच एक फाटा येतो. आदर्श उपविधींनुसार सर्वसाधारण सभेची गणपूर्ती म्हणजे एकूण सभासदांपैकी दोन तृतीयांश किंवा वीस, यांतली जी संख्या कमी असेल ती. दहाला सभा असेल तर दहाला वीस जण क्वचितच हजर असतात. मग सभा अर्धा तास तहकूब होते आणि नोटिशीत तसं लिहिलेलं असल्यास त्याच ठिकाणी, गणपूर्तीची अट न ठेवता, पुन्हा सुरू होते. म्हणून सांगाड्यात दोन्ही वाक्यं लिहून ठेवावीत: ‘गणपूर्ती झाल्याने ____ वाजता सभेस सुरुवात झाली’ आणि ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब करून ____ वाजता पुन्हा सुरू करण्यात आली’. जे घडेल ते ठेवायचं आणि दुसरं खोडायचं. तहकुबीची नोंद राहिली तर पुढे एखादा नाराज सभासद सगळे ठरावच बेकायदा ठरवा म्हणून उभा राहू शकतो.

आता एक विषय सविस्तर बघू. समजा, चाळीस सदनिकांची संस्था आहे आणि सगळ्या सदनिकांचं क्षेत्रफळ सारखं आहे. विषय क्रमांक ६ : गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी आलेल्या दरपत्रकांपैकी एक मंजूर करणे व खर्चाची वर्गणी ठरवणे. सचिवांनी सभेच्या आदल्या दिवशी लिहिलेला सांगाडा असा असेल:

‘सभेपुढे गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची तीन दरपत्रके ठेवण्यात आली. रक्कम अनुक्रमे रु. ५,४८,०००, रु. ६,२०,००० व रु. ७,०५,०००, हमी अनुक्रमे ३, ७ व १० वर्षे. चर्चा : ____. ठराव : क्रमांक ____ चे दरपत्रक रु. ____, जीएसटीसह / जीएसटी वगळून, मंजूर करण्यात येत आहे. प्रत्येक सदनिकेची वर्गणी रु. ____, ____ हप्त्यांत, पहिला हप्ता ____ पर्यंत. सूचक : ____. अनुमोदक : ____. बाजूने ____, विरोधात ____, तटस्थ ____.’

प्रत्यक्ष सभेत अर्धा तास वादावादी झाली. शेवटी सात वर्षांची हमी असलेलं मधलं दरपत्रक बहुतेकांना पटलं. कुणीतरी मोबाइलवर हिशेब केला, सहा लाख वीस हजार भागिले चाळीस, माणशी साडेपंधरा हजार. लोक ‘मंजूर, मंजूर’ म्हणून पुढच्या विषयाकडे वळायला लागले. सचिवांच्या कागदावर मात्र ‘जीएसटीसह / जीएसटी वगळून’ या दोन पर्यायांवर काट मारलेली नव्हती.

“अध्यक्षसाहेब, एक मिनिट. हा भाव जीएसटी धरून आहे का?”

दरपत्रक काढून बघितलं. तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, कर वेगळा. अठरा टक्क्यांनी १,११,६०० रुपये वाढले आणि एकूण ७,३१,६०० झाले. प्रत्येक सदनिकेची वर्गणी १५,५०० नव्हे, १८,२९० निघाली. पुन्हा थोडी कुरकुर झाली, दोन हप्ते ठरले, मग हात वर झाले. हजर सत्तावीसपैकी एकवीस बाजूने, चार विरोधात, दोन तटस्थ. विरोध करणाऱ्यांपैकी दोघांनी आपलं नाव नोंदवायला सांगितलं.

सांगाड्याचा खरा उपयोग इथे दिसतो. टंकलेखनाचा वेळ वाचतो, ते आहेच. त्याहून मोठी गोष्ट अशी की प्रत्येक रिकामी जागा म्हणजे विषय बंद होण्याआधी विचारायचा एक प्रश्न असतो. सूचक कोण? काम कधीपर्यंत? पैसे कुठल्या निधीतून? कोऱ्या वहीत हे प्रश्न सुचत नाहीत, कारण वही काही मागत नाही. घरी आल्यावर आठवलं तर उत्तर देणारी सभा उठून गेलेली असते. मग सचिव अंदाजानं भरतात, किंवा अध्यक्षांना फोन करून दोघं मिळून ‘ठरवतात’. सर्वसाधारण सभेचा ठराव असा फोनवर पुरा करता येत नाही.

याच कारणानं सांगाड्यात काय आधी लिहायचं नाही हेही कडक पाळावं लागतं. निर्णयाच्या जागी ‘सर्वानुमते मंजूर’ आधीच टाकून ठेवायचा मोह होतो, कारण दरवर्षी तेच होतं. आणि ज्या वर्षी चार हात विरोधात वर होतात, त्या वर्षी घाईत तो शब्द तसाच राहतो. सूचक-अनुमोदकांची नावंही ‘तेच नेहमीचे’ म्हणून भरू नयेत. ते त्या दिवशी आलेच नाहीत, तर हजेरीपटावर सही नसलेला माणूस ठराव मांडताना दिसेल.

दुसरा घोळ मागच्या वर्षीची फाइल उघडून तीवरच काम केल्यानं होतो. आर्थिक वर्ष जुनंच राहतं, नाहीतर लेखापरीक्षकांचं नाव जुनं राहतं. लेखापरीक्षकांचा विषय तर विशेष जपायचा. नेमणूक शासनमान्य पॅनेलमधून करावी लागते आणि एकाच लेखापरीक्षकाला सलग तीन वर्षांपेक्षा जास्त नेमता येत नाही. म्हणून त्या विषयाखाली नाव, पॅनेल क्रमांक, मेहनताना आणि ‘सलग कितवं वर्ष’ अशा चार रिकाम्या जागा ठेवल्या की चूक सभेतच पकडली जाते. जुन्या फाइलीचा साचा घ्यायला हरकत नाही. मात्र तारखा, नावं, रकमा आधी पुसून त्या जागी एकच खूण ठेवावी.

ती खूण सगळीकडे एकसारखी असावी, चार अधोरेषांची वगैरे. इतिवृत्त पुरं झाल्यावर फाइलीत तीच खूण शोधायची. एकही सापडली नाही की कुठली जागा रिकामी राहिली नाही याची खात्री होते.

सभेत गोष्टी विषयपत्रिकेबरहुकूम चालत नाहीत, हे धरूनच चालायचं. कुणाला लवकर जायचं असतं म्हणून सहावा विषय दुसऱ्यांदा घेतला जातो. अशा वेळी क्रमांक बदलू नये. ‘अध्यक्षांच्या परवानगीने विषय क्र. ६ आधी घेण्यात आला’ एवढी ओळ पुरते. एखादा विषय आलाच नाही, तर तो सांगाड्यातून काढून टाकू नये. ‘वेळेअभावी पुढील सभेपर्यंत स्थगित’ असं लिहिलं नाही, तर तो मंजूर झाला की फेटाळला हे कागदावरून कळत नाही. ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ याखाली मोकळी जागा ठेवावी. तिथे सूचना आणि तक्रारी नोंदवाव्यात. ज्याला रीतसर नोटीस लागते असा निर्णय तिथे घुसवू नये.

चर्चेच्या जागेत मात्र हात आखडता ठेवावा. कोण कुणाला काय बोललं, आवाज कुणाचा चढला, हे इतिवृत्तात येत नाही. निर्णयाला कारण ठरलेले मुद्दे तेवढे घ्यायचे. वरच्या उदाहरणात दोन वाक्यं पुरतात: कमी दराच्या कामाची हमी तीनच वर्षांची असल्याने सभासदांनी ते नाकारले, दर करासह धरून वर्गणीचा हिशेब पुन्हा करण्यात आला.

सभा संपली की त्याच दिवशी, जेवणाआधी जमलं तर उत्तमच, सांगाडा पुरा करावा. आधी ठराव आणि रकमा, मग मतं आणि नावं, शेवटी चर्चा, असा क्रम ठेवावा. घाईत खरडलेलं ‘म. द. ७ व. २ ह.’ म्हणजे मधलं दरपत्रक, सात वर्षं हमी, दोन हप्ते, हे त्या दिवशी कळतं, पंधरवड्यानं नाही. नावं हजेरीपटाशी ताडून घ्यावीत आणि मतांची बेरीज हजर संख्येशी जुळते का ते बघावं. एकवीस, चार आणि दोन मिळून सत्तावीस झाले की पुढे जायचं. मग मसुदा अध्यक्षांना आणि समितीला द्यावा. आदर्श उपविधींप्रमाणे हा मसुदा सभासदांकडे फिरवून त्यांचं म्हणणं मागवायचं असतं. मसुदा लवकर गेला तर लोक आठवणीतून दुरुस्ती सुचवतात, उशिरा गेला तर आपल्या मतातून.

एक गोष्ट अनुभवी सचिव हळूहळू शिकतात: सांगाडा सभेच्या आदल्या रात्री नव्हे, नोटीस काढण्याआधी करून बघावा. सर्वसाधारण सभेची नोटीस पुरे चौदा दिवस आधी द्यावी लागते आणि त्यानंतर विषयाचे शब्द बदलता येत नाहीत. विषयपत्रिकेत ‘गच्चीबाबत चर्चा करणे’ असं लिहिलं असेल, तर त्याखाली ठरावाची जागा भरताना पेन थांबतं, कारण मंजूर काय करायचं हेच त्या शब्दांत नाही. त्याऐवजी ‘दरपत्रक मंजूर करणे व वर्गणी ठरवणे’ असं लिहिलं की रिकाम्या जागा आपोआप सुचतात. ज्या विषयाखाली ठरावाचं वाक्य आधी रचता येत नाही, तो विषय अजून सभेपुढे न्यायच्या लायकीचा झालेला नाही, असं खुशाल समजावं आणि नोटीस छापायला टाकण्याआधी तो नीट लिहून घ्यावा.