अजिंठ्याला पूर्ण दिवस द्या

शनिवारी बीबी का मकबरा, पाणचक्की, दौलताबाद. रविवारी वेरूळ, घृष्णेश्वर, पैठण. सोमवारी अजिंठा, लोणार. हा बेत पहिल्याच तपासणीत कोसळतो, कारण अजिंठा सोमवारी बंद असतो. वेरूळ मंगळवारी.

म्हणून अजिंठा रविवारी घ्या आणि त्या दिवशी दुसरं काहीच नको. संभाजीनगरहून एकेरी अंतरच सुमारे शंभर किलोमीटर, शिवाय अंधाऱ्या लेण्यांत डोळे सरावल्यावरच चित्रं उलगडतात. सोमवारी वेरूळ. दौलताबाद त्याच रस्त्यावर आहे, घृष्णेश्वर लेण्यांना लागूनच; म्हणून तिन्ही एकत्र, किल्ला सकाळच्या गारव्यात. शनिवारी शहरातला मकबरा, पाणचक्की. लोणार-पैठण मात्र खुशाल गाळा. लोणारला स्वतंत्रच जावं.