'मिनिमम ड्यू' भरलं, तरी कर्ज का हलत नाही?

क्रेडिट कार्डाच्या बिलावर दोन आकडे असतात: एकूण देणं आणि 'मिनिमम ड्यू'. दुसरा भरला की लेट फी टळते, पण व्याज टळत नाही.

उदाहरण घेऊ. देणं ५०,००० रुपये, व्याज महिना ३.५ टक्के, मिनिमम ५ टक्के. तुम्ही २,५०० भरले, उरले ४७,५००. त्यावर महिन्याचं व्याज साधारण १,६६२ रुपये आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी २९९. पुढचं बिल येतं ४९,४६१ रुपयांचं. खिशातून अडीच हजार गेले, कर्ज कमी झालं जेमतेम ५४० रुपयांनी!

वर्षभर असंच चाललं तर २८ हजारांहून जास्त भरूनही सुमारे ४४ हजार शिल्लक राहतात. देणं घटतं तसा मिनिममही घटतो, म्हणून कर्ज निम्म्यावर यायला पाच वर्षांहून जास्त लागतात.

हे सगळं कार्ड अजिबात वापरलं नाही तर. जुनी बाकी असताना बिनव्याजी मुदत मिळत नाही. नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. महिन्याला ५४० रुपयांहून जास्तीचा किराणा कार्डावर घेतला, की कर्ज उलट वाढायला लागतं.

हेच कर्ज दरमहा ठरवून ५,००० भरले, तर साधारण १३ महिन्यांत फिटतं. अट एकच: तोवर कार्ड कपाटात.